अनुभव आधी की पदवी आधी? परदेशी एमबीए आणि मॅनेजमेंटमधील मास्टर्स : एक आढावा

व्यवस्थापनाचे शिक्षण परदेशात घ्यायचे ठरले की आज दोन वाटा समोर येतात. एक एमबीए, म्हणजे चार-सहा वर्षे नोकरी करून मग घ्यायची पदवी. दुसरी 'मास्टर्स इन मॅनेजमेंट', म्हणजे कॉलेज संपताच किंवा वर्ष-दोन वर्षांच्या नोकरीनंतर घ्यायची पदवी. विद्यार्थी तिला एमआयएम म्हणतात. दोन्हींत फायनान्स, मार्केटिंग, स्ट्रॅटेजी असे विषय दिसतात आणि अनेकदा एकच शाळा दोन्ही पदव्या देते. शुल्कात मात्र दुपटी-तिपटीचा फरक असतो. त्यामुळे यांपैकी कोणती पदवी 'फायद्याची', असा वाद गेली दहा-पंधरा वर्षे चालू आहे. हा वाद कुठून सुरू झाला, दोन्ही बाजूंचे म्हणणे काय आहे आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे या लेखात पाहायचे आहे.

दोन परंपरा

एमबीए अमेरिकेतली. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाले आणि एमबीए या नावाची पदवी तिथून पसरली. पुढची अनेक दशके हा अभ्यासक्रम बराचसा व्यवहारशिक्षणाच्या धर्तीवर चालला. १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या अहवालांनी बिझनेस स्कूलांवर कडक टीका केली. त्यानंतर अभ्यासक्रमात अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि संशोधन यांचा भाग वाढला. हळूहळू प्रवेशासाठी कामाचा अनुभव अपेक्षित धरला जाऊ लागला. वर्गात एखाद्या कंपनीची केस चर्चेला घेतली, तर तशा कंपनीत काम केलेली माणसे समोर बसलेली हवीत, हा त्यामागचा विचार. फ्रान्समधल्या इन्सिआडने १९५७ मध्ये स्थापना झाल्यावर हीच पदवी एका वर्षात बसवली; अनुभवाची अपेक्षा मात्र तिथेही आहे.

एमआयएमची मुळे युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये आहेत. तिथे बारावीनंतर दोन वर्षे 'प्रेपा' नावाची कसून तयारी करायची, स्पर्धा परीक्षा द्यायची आणि मग एचईसी किंवा ईएसएसईसीसारख्या 'ग्रांद एकोल'मध्ये जायचे, अशी पद्धत आहे. या विद्यार्थ्यांकडून नोकरीच्या अनुभवाची अपेक्षा कधीच नव्हती. शिक्षणातच लांब 'स्ताज', म्हणजे पगारी इंटर्नशिप असते आणि तोच त्यांचा पहिला अनुभव ठरतो. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपीय देश पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाचा एकसारखा साचा मान्य करू लागले. तेव्हा हे जुने शिक्षण 'मास्टर्स इन मॅनेजमेंट' या नावाने जगासमोर मांडणे सोपे झाले. फायनान्शियल टाइम्सने २००५ मध्ये या पदव्यांची वेगळी क्रमवारी सुरू केली. लंडन बिझनेस स्कूलने २००९ मध्ये आणि खुद्द इन्सिआडने २०२० मध्ये असा अभ्यासक्रम काढला. अनुभवी लोकांनाच शिकवणाऱ्या शाळाही नवपदवीधरांकडे वळल्या, तेव्हा निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

भारतीय अर्जदाराची अडचण

आपल्याकडे या प्रश्नात आणखी एक गुंता आहे. आयआयएममध्ये किंवा जमनालाल बजाजसारख्या संस्थेत बीई किंवा बीकॉम होऊन थेट जाणारी मुले मोठ्या संख्येने असतात. कॅट किंवा सीईटी द्यायला नोकरीची अट नसते. त्यामुळे 'कॉलेज झाले की एमबीए' हा क्रम आपल्या घरांत पक्का बसला आहे. जागतिक वर्गवारी मात्र वेगळी आहे. फायनान्शियल टाइम्स आयआयएम अहमदाबादचा दोन वर्षांचा मुख्य अभ्यासक्रम एमआयएमच्या यादीत धरते. त्याच संस्थेचा अनुभवी लोकांसाठीचा एक वर्षाचा पीजीपीएक्स आणि हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचा पीजीपी हे एमबीएच्या यादीत येतात. म्हणजे आपण ज्याला एमबीए म्हणतो त्याचा बराच भाग बाहेरच्या हिशोबाने एमआयएमच आहे.

या फरकामुळे दोन चुका वारंवार होतात. पहिली, बावीस वर्षांचा मुलगा परदेशी एमबीएला अर्ज करतो आणि नकार आल्यावर जीमॅटचा स्कोअर कमी पडला असे समजतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे अनुभवच नसतो. दुसरी, सहा वर्षे काम केलेली व्यक्ती शुल्क कमी म्हणून एमआयएमकडे वळते. तिथे अनुभवाला किमान मर्यादा नसते, वरची मर्यादा मात्र अनेक ठिकाणी असते. लंडन बिझनेस स्कूलच्या एमआयएमला पदवीनंतरचा पूर्णवेळ अनुभव साधारण दोन वर्षांच्या आत असावा लागतो. मोठ्या शाळांच्या एमबीए वर्गाचा सरासरी अनुभव पाच वर्षांच्या आसपास असतो. म्हणून एका वर्षाचा किंवा सहा वर्षांचा अनुभव असलेल्यांपुढे खरी निवड फारशी उरत नाही. खरा प्रश्न दोन ते चार वर्षे नोकरी झालेल्यांचा आहे.

कंपनी कोणत्या पायरीवर घेते

पुढचा सगळा वाद समजून घ्यायचा तर आधी नोकरी देणाऱ्यांची रीत पाहिली पाहिजे. मोठ्या सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका यांच्यात प्रवेशाच्या दोन ठरलेल्या पायऱ्या असतात. बँकेत पदवीधर आणि एमआयएम झालेले 'अ‍ॅनालिस्ट' म्हणून लागतात, एमबीए झालेले 'असोसिएट' म्हणून. मॅकिन्झीत पहिल्या गटाला 'बिझनेस अ‍ॅनालिस्ट' म्हणतात आणि दुसऱ्याला 'असोसिएट'. अ‍ॅनालिस्ट चांगला निघाला तर दोन-तीन वर्षांनी वरच्या पायरीवर जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दोन्ही पदव्यांचे सुरुवातीचे पगार शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे, कारण त्या दोन वेगळ्या पदांचे पगार आहेत आणि घेणाऱ्यांच्या वयातही पाच-सात वर्षांचे अंतर आहे. दुसरी, चार-पाच वर्षे काम केलेला माणूस एमआयएम करून अ‍ॅनालिस्टच्या पायरीवर लागला, तर त्याचा आधीचा अनुभव बहुतेक वाया जातो. त्याचा वरिष्ठ त्याच्याहून वयाने लहान असू शकतो. उलट, एखादा दीड वर्षाच्या अनुभवावर एमबीएला शिरला, तरी असोसिएट पदाच्या मुलाखतीत 'तुम्ही कुणाचे नेतृत्व केले?' या प्रश्नाला त्याच्याकडे सांगण्यासारखे थोडेच असते. आपला अनुभव पुरेसा आहे की नाही, हे शाळेच्या अटीवरून ठरवू नये. पदवीनंतर ज्या पदासाठी अर्ज करायचा, त्या पदाच्या जाहिरातीवरून ते जास्त नेमके कळते.

एमबीएच्या बाजूचे म्हणणे

एमबीएच्या समर्थकांचा पहिला मुद्दा क्षेत्र बदलण्याचा आहे. हिंजवडीच्या आयटी कंपनीतून सल्लागार कंपनीत किंवा वाहन उद्योगातल्या डिझाइन विभागातून फायनान्सकडे जायचे, तर मधल्या पायरीवर थेट प्रवेश देणारे दार फार थोडे असते. एमबीएच्या कॅम्पसवरची भरती हे असे दार आहे. दोन वर्षांच्या अमेरिकी एमबीएत मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते, तेवढ्यात माणसाला नवे क्षेत्र आजमावता येते.

दुसरा मुद्दा सहाध्यायांचा. वर्गात नौदलातून आलेले अधिकारी, रुग्णालय चालवणारे डॉक्टर आणि स्वतःची कंपनी विकलेले लोक असतील, तर चर्चेतून शिकायला मिळते आणि पुढे ओळखीही कामी येतात. तिसरा मुद्दा पगाराचा. हार्वर्डच्या २०२४ च्या वर्गाचा मध्यम मूळ पगार वर्षाला १,७५,००० डॉलर होता. एवढा पगार कोणत्याही एमआयएमनंतर लगेच मिळत नाही.

या बाजूवर घेतले जाणारे आक्षेपही जुने आहेत. जेफ्री फेफर आणि क्रिस्टिना फाँग यांनी २००२ मध्ये एका गाजलेल्या निबंधात विचारले होते की, एमबीए पदवीचा किंवा तिथल्या गुणांचा पुढच्या यशाशी संबंध असल्याचा पुरावा इतका थोडा का आहे? हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ च्या पुस्तकात म्हटले की ही पदवी चुकीच्या लोकांना चुकीच्या पद्धतीने शिकवते. पण त्यांचा रोख पूर्णवेळ एमबीएला येणाऱ्या तरुणांवर होता. व्यवस्थापन हे प्रत्यक्ष व्यवस्थापन करणाऱ्यांनाच शिकवता येते, असे ते मानतात. तो युक्तिवाद एमआयएमच्या विद्यार्थ्यांना तर अधिकच लागू पडतो, हे एमआयएमचे समर्थक सहसा सांगत नाहीत.

एमआयएमच्या बाजूचे म्हणणे

एमआयएमचा सर्वांत भक्कम युक्तिवाद गमावलेल्या पगाराचा आहे. बाविसाव्या वर्षी नोकरी सोडून, किंवा ती न धरता, शिकायला जाणाऱ्याचे नुकसान थोडे असते. एकोणतिसाव्या वर्षी वीस लाखांची नोकरी सोडणाऱ्याचे ते मोठे असते. शिवाय लवकर शिकलेल्याला त्या शिक्षणाचा उपयोग करायला पुढे जास्त वर्षे मिळतात.

दुसरा युक्तिवाद मुक्कामाचा. दोन वर्षे जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये राहून इंटर्नशिप करणाऱ्याला भाषा येते आणि तिथल्या नोकरीच्या बाजाराची रीत कळते. दहा महिन्यांच्या एमबीएत तेवढी सवड नसते.

तिसरा युक्तिवाद स्त्रियांच्या संदर्भात केला जातो. मारियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१० मध्ये शिकागोच्या बिझनेस स्कूलमधून १९९० ते २००६ या काळात एमबीए झालेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीनंतर लगेच स्त्री-पुरुषांची कमाई जवळजवळ सारखी होती. दहा वर्षांत मात्र मोठी दरी पडली. त्यामागची मुख्य कारणे नोकरीत पडलेले खंड आणि आठवड्याचे कामाचे तास ही होती आणि दोन्हींचा संबंध मुलांच्या जन्माशी होता. यावरून काही समुपदेशक म्हणतात की, मुलींनी पदवी आणि पहिल्या बढत्या लवकर पदरात पाडून घ्याव्यात. हा निष्कर्ष पटण्याजोगा असला, तरी तो त्या अभ्यासातला नाही. त्यात एमआयएम झालेल्या स्त्रियांशी तुलना केलेलीच नव्हती.

एमआयएमवरचा मुख्य आक्षेप असा की, ही पदवी युरोपात नीट ओळखली जाते, पण अमेरिकेत आणि भारतात तिची स्वतंत्र पायरी ठरलेली नाही. भारतात परतलेल्या एमआयएमला कंपनीचा मनुष्यबळ विभाग कधी आयआयएमच्या रांगेत बसवतो, तर कधी साध्या पदवीधराच्या. याशिवाय प्रवेशाची एक अडचण ऐन वेळी लक्षात येते. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठे पदवीत व्यवसाय आणि अर्थशास्त्राचे ठरावीक क्रेडिट मागतात. त्यामुळे मुंबई विद्यापीठाचा बीएमएस किंवा बीकॉम झालेला विद्यार्थी तिथे बसू शकतो आणि उत्तम गुणांचा इंजिनिअर बसू शकत नाही. अमेरिकेतल्या अनेक मास्टर्सच्या बाबतीत उलट घडते, कारण तिथे आपल्या तीन वर्षांच्या पदवीवर प्रश्न येतो आणि चार वर्षांच्या बीईवर येत नाही. फ्रान्स-ब्रिटनच्या बहुतेक मोठ्या शाळा दोघांनाही घेतात.

परताव्याचे आकडे कसे तयार होतात

दोन्ही बाजू शाळांच्या अहवालांतले आणि क्रमवारीतले आकडे पुढे करतात. त्यामुळे ते कसे बनतात हे ठाऊक असलेले बरे. फायनान्शियल टाइम्स दोन्ही याद्यांत पदवीनंतर तीन वर्षांनी मिळणारा पगार धरते आणि तो क्रयशक्तीनुसार डॉलरमध्ये बदलते. भारतात स्वस्ताई असल्याने इथला पगार त्या तक्त्यात बँकेच्या दरापेक्षा बराच मोठा दिसतो. भारतातल्या जगण्याची तुलना करायची तर ते योग्यच आहे, पण युरोमधले कर्ज क्रयशक्तीच्या दराने फेडता येत नाही.

शाळांच्या नोकरी अहवालात टक्केवारी सहसा 'नोकरी शोधणाऱ्यां'पुरती असते. स्वतःचा धंदा काढणारे, कंपनीने पाठवलेले आणि शोध थांबवलेले लोक त्या हिशोबातून वगळले जातात. अमेरिकी एमबीए शाळांच्या अहवालांसाठी एमबीए सीएसईए या संघटनेने समान नियम घालून दिले आहेत. अनेक अहवालांत अमेरिकेत कायमस्वरूपी काम करण्याची परवानगी असलेले आणि नसलेले यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. भारतीय अर्जदाराने पाहायचा तक्ता तो दुसरा. एमआयएमच्या अहवालांत इतका तपशील क्वचितच मिळतो.

नशिबाचा भागही धरावा लागतो. हार्वर्डच्या २०२४ च्या वर्गातल्या नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के पदवीनंतर तीन महिन्यांनीही नोकरीविना होते. २०२२ च्या वर्गात हे प्रमाण १० टक्के होते. पॉल ओयर यांनी स्टॅनफर्डच्या एमबीएंचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसते. शेअर बाजार तेजीत असताना पदवी घेतलेले अधिक संख्येने वॉल स्ट्रीटवर गेले आणि त्या पहिल्या नोकरीचा परिणाम त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईवर राहिला.

एक हिशोब मांडून पाहू

मतांपेक्षा गणिताने चित्र स्पष्ट होते. समजा, पुण्यातली एक सव्वीस वर्षांची इंजिनिअर आहे. तीन वर्षांचा अनुभव, पगार नऊ लाख. युरोचा भाव सोयीसाठी १०० रुपये धरू, कर्जाचा व्याजदर साडेदहा टक्के आणि फेड दहा वर्षांत. यातले खर्चाचे आणि पगाराचे आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या शाळेचे आकडे त्या जागी घालावेत.

पहिला पर्याय, फ्रान्समधल्या खासगी शाळेत दोन वर्षांचे एमआयएम. शुल्क ५० हजार युरो, राहण्या-जेवण्याचे २२ हजार, म्हणजे ७२ लाख रुपये. त्यांतले ६० लाख कर्जाचे. शिकताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसतो, पण व्याज चढत राहते. हप्ते सुरू होतील तेव्हा कर्ज ७२ लाखांच्या घरात गेलेले असेल. मासिक हप्ता सुमारे ९७ हजार रुपये, म्हणजे ९७० युरो. पॅरिसमध्ये ५० हजार युरोची नोकरी लागली, तर सामाजिक सुरक्षेची कपात आणि कर जाऊन महिन्याला २,९०० युरोंच्या आसपास हाती येतात. भाडे आणि खर्च काढला की हजार-अकराशे उरतात. हप्ता जेमतेम निघतो. तीच मुलगी भारतात परतून १५ लाखांवर लागली, तर हाती महिन्याला १ लाख १० हजार येतील आणि हप्त्यातच जवळजवळ सगळे संपतील.

दुसरा पर्याय, आणखी तीन वर्षे काम करून एकोणतिसाव्या वर्षी युरोपातले एक वर्षाचे एमबीए. शुल्क एक लाख युरो, राहण्याचे २८ हजार, म्हणजे १ कोटी २८ लाख. आधीची आणि मधल्या तीन वर्षांतली बचत वापरून एक कोटीचे कर्ज घेतले, तर फेड सुरू होताना ते १ कोटी १५ लाख होईल आणि हप्ता १ लाख ५५ हजार. भारतात परतून ३६ लाखांची नोकरी मिळाली, तर हाती सुमारे २ लाख ३० हजार येतात आणि हप्ता कसाबसा निघतो. २५ लाखांवरच थांबले, तर हाती पावणेदोन लाख येतात आणि घरखर्चाला फारसे काही उरत नाही.

तिसरा पर्याय, जर्मनीतले सरकारी विद्यापीठ. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. व्हिसासाठी खात्यात वर्षाला ११,९०४ युरो अडकवून ठेवावे लागतात आणि तोच साधारण वर्षाचा राहण्याचा खर्च. दोन वर्षांचे मिळून ३० लाख. २० लाख कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे ३३ हजार. हा भारतातल्या पगारावरही फेडता येतो. पण वर सांगितलेली क्रेडिटची अट आड येत असल्याने या इंजिनिअरला हा पर्याय बहुतेक बंदच असेल. बीकॉम झालेल्या तिच्या भावाला तो खुला असेल, फक्त जर्मन भाषेवर दोन वर्षे घाम गाळायची तयारी हवी.

या तीन हिशोबांतून एक गोष्ट दिसते. खासगी आणि सरकारी एमआयएममधले अंतर हे एमआयएम आणि एमबीए यांच्यातल्या अंतराइतकेच मोठे आहे. पहिल्या दोन पर्यायांतली जोखीमही एकाच जागी आहे, ती म्हणजे परत यावे लागले तर हप्ता रुपयांत झेपेल का?

व्हिसा

परत यावे लागण्याची शक्यता व्हिसाच्या नियमांवर ठरते आणि हे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत वेगाने बदलले आहेत. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञान गटात नोंदलेल्या पदवीला आणखी २४ महिने मिळतात. एकेकाळी हा फायदा अ‍ॅनालिटिक्ससारख्या विशेष मास्टर्सपुरता होता. २०१८ नंतर अनेक एमबीए अभ्यासक्रमांनीही तशी नोंदणी करून घेतली आणि तो फरक पुसट झाला. पुढे लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या वर्षाला ८५ हजार जागा सोडतीने दिल्या जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागत नाही, असा खुलासा नंतर आला. त्याच वर्षी सोडतीत जास्त पगाराच्या पदांना झुकते माप देण्याचा नियमही तिथल्या सरकारने पुढे आणला. त्याचा कल उघडपणे असोसिएटच्या बाजूने आहे, अ‍ॅनालिस्टच्या नाही.

ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षे थांबता येते. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील. जानेवारी २०२४ पासून तिथे शिकवण्याच्या मास्टर्ससाठी जोडीदाराला सोबत नेता येत नाही. एमबीएही त्यातच येते. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला याचे काही वाटणार नाही, पण तिशीतल्या विवाहित अर्जदाराला निर्णय बदलावा लागतो. जर्मनी नोकरी शोधायला १८ महिने देते. फ्रान्स एक वर्ष देते आणि भारतीयांना ते आणखी एक वर्ष वाढवता येते.

न सुटलेले प्रश्न

पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न असा की, पदवीने कमाई वाढते, की मुळात जास्त कमावू शकणारे लोकच या पदव्यांना जातात? एमबीएच्या बाबतीत याचे अंशतः तरी उत्तर मिळते, कारण त्या लोकांचा आधीचा पगार माहीत असतो. पीटर आर्किडिआकोनो, जेन कूली आणि अँड्र्यू हसी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या जीमॅट नोंदणीधारकांची माहिती वापरून प्रत्येकाचा आधीचा आणि नंतरचा पगार ताडून पाहिला. तसे केल्यावर एमबीएचा परतावा सर्वसाधारणपणे वरवरच्या तुलनेत दिसतो त्याहून कमी निघाला. पहिल्या २५ शाळांबाहेरच्या पूर्णवेळ एमबीएच्या बाबतीत मात्र तो जास्त निघाला. ही माहिती १९९० च्या दशकातली आणि अमेरिकेतली आहे. पुणे-नागपूरहून जाणाऱ्याला ती तशीच्या तशी लागू होत नाही.

एमआयएमच्या बाबतीत ही पद्धतच वापरता येत नाही. बहुतेकांचा आधीचा पगार शून्य असतो, त्यामुळे पदवीने नेमकी किती भर घातली हे मोजायला पायाच मिळत नाही. एमआयएमच्या माहितीपत्रकात छापलेली 'पगारवाढ' वाचताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरा प्रश्न, एमआयएम केल्यावर पुढे एमबीए लागते का? शाळा म्हणतात, लागत नाही. काही जण सहा-सात वर्षांनी जातातही, मुख्यतः देश किंवा क्षेत्र बदलायला. त्यांनी दोनदा शुल्क भरलेले असते, म्हणून पहिल्याच वेळी हा विचार करावा. तिसरा प्रश्न अ‍ॅनालिस्टच्या पायरीवरच्या कामाचा. आकडेमोड आणि सादरीकरणाचे प्राथमिक काम यंत्रांकडे जात राहिले, तर त्या पायरीवरची भरती किती उरेल, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. तसे झाले तर एमआयएमलाच आधी झळ बसेल.

निष्कर्ष

सगळे पाहता एवढे ठामपणे म्हणता येते. दोन वर्षांच्या आतला अनुभव असेल आणि युरोपात किमान पाच वर्षे राहायची तयारी असेल, तर एमआयएम योग्य, त्यातही कमी शुल्काचे सरकारी विद्यापीठ मिळत असेल तर अधिक योग्य. चार-पाच वर्षांचा अनुभव असेल आणि क्षेत्र बदलायचे असेल, तर एमबीए योग्य, पण ज्या पदासाठी जायचे तिथे त्या शाळेतून भरती होते याची खात्री करून. मधल्या दोन-तीन वर्षांत असलेल्यांनी घाई करू नये. आणखी दोन वर्षे काम केल्याने एमबीएचे दार बंद होत नाही, उघडते. एमआयएमचे दार मात्र या काळात बंद होते, म्हणून ते नको आहे हे आधी पक्के ठरवावे.

निर्णय कोणताही असो, स्वीकारपत्र आल्यावर आणि कर्जावर सही करण्यापूर्वी एक कागद घ्यावा. परत यावे लागल्यास भारतात मिळू शकेल असा सर्वांत साधा पगार त्यावर लिहावा, त्याखाली व्याज चढल्यानंतरचा मासिक हप्ता लिहावा. हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त असेल, तर ती शाळा कितीही नावाजलेली असली तरी त्या अटींवर जाऊ नये.